अप्पांच्या तोंडावरच्या रेघा

"हात लावला नाही म्हणजे काय? मग हे कुणी केलं, भुतानं?" शरदिनीनं छापलेला फोटो जावेच्या नाकासमोर धरला.

"हळू बोल. ओसरीवर साताऱ्याचे यजमान बसलेत," इंदू म्हणाली.

"त्यांच्यासाठीच छापलाय. बघा ना. त्यांच्या वडिलांच्या कपाळावरून रेघा, डोळ्यांवरून रेघा. आणि रंग बघा, कावीळ झाल्यासारखा. हा फोटो पिंडदानाला ठेवायचा?"

"मशीन आहे ते. म्हातारं झालं. माणसं होतात, मशीन नाही होणार?"

"मी नागपूरला गेले तेव्हा धडधाकट होतं. जाताना तुम्हाला सांगून गेले होते, आठवड्यातून एक रंगीत पान काढा, बाकी काही करू नका."

"तुझ्या लेकीचं, वैदेहीचं बाळंतपण काढायला तू गेलीस. तुझ्या मशीनचं बाळंतपण मी काढायचं होतं का?"

दारात उभा असलेला केयूर फिस्सकन हसला आणि आई बघतेय म्हटल्यावर गप्प झाला. तो इंदूचा मुलगा. पंचविशी उलटून गेली होती, आणि दर सहा महिन्यांनी त्याला नवा धंदा सुचायचा. "काकू, मैंने हेड क्लीनिंग मारी थी ना," तो म्हणाला. "बऱ्याचदा मारली. जाईल ते. चार-पाच वेळा अजून मार."

"बऱ्याचदा म्हणजे?"

"म्हणजे... लाइन्स येत होत्या, मग मारत गेलो."

तेवढ्यात नरहर आत आले. शरदिनीचे थोरले दीर, इंदूचे पती, घरातले कर्ते. काशीत दशाश्वमेध घाटाजवळ महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांचे विधी करायचं काम या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं आणि आता ते सगळं त्यांच्या एकट्यावर होतं. यजमान घरीच उतरायचे, घरीच जेवायचे. नरहरांनी फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि टेबलावर टाकला.

"साताऱ्याची माणसं आहेत. त्यांना हे दाखवू मी? केयूर, जा, चौकातून काढून आण."

"दादा, मी बघते. एक दिवस द्या."

"शरदिनी, दिवसाचा प्रश्न नाही." ते खुर्चीवर बसले, म्हणजे बोलणं आधीच ठरलेलं होतं. "ही पुढची खोली गल्लीला लागून आहे. केयूर इथे पाहुण्यांची सोय करायची म्हणतोय. एसी लावायचा, दोन पलंग टाकायचे. तुझं मशीन चालत होतं तोवर मी काही म्हटलं नाही. पण बंद पडलेल्या मशीनसाठी अख्खी खोली अडवून ठेवायची, हे काही बरं नाही."

"बंद नाही पडलेलं."

"मग चालू करून दाखव. इंदूच्या वडिलांचं वर्षश्राद्ध इथेच करायचं ठरलंय. ग्वाल्हेरहून तिचे भाऊ येतील. तोवर मशीन नीट पान देत असेल तर खोली तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर खोली केयूरची. झालं."

पदराच्या टोकानं इंदू टेबलावरची धूळ पुसायला लागली, जणू पलंग कुठे मांडायचा हेच बघत होती.

दूधविनायकाच्या त्या गल्लीत शरदिनीला सगळे फोटोवाल्या काकू म्हणत. लग्न होऊन ती धारहून आली तेव्हा तिला कुणी काहीच म्हणत नसे. नवरा विष्णू हळू बोलणारा आणि त्याहून हळू चालणारा माणूस होता. भावाच्या मागे उभा राहून दर्भ पुढे कर, पळी पुढे कर, एवढंच त्याचं काम. एका थंडीत तो गेला. नंतर घरात कुणी तिला छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त प्रत्येक गोष्ट तिला न विचारता ठरू लागली.

फोटोंचं काम असंच सुरू झालं. दिवस करायला आलेल्या माणसांकडे गेलेल्याचा फोटो मोबाइलमध्ये असायचा. तो छापून, चौकटीत घालून, हार घालून समोर ठेवला की त्यांना बरं वाटायचं. एरवी त्यासाठी चौकात धावपळ. शरदिनीनं शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेतला, तो विष्णूच्या वाट्याच्या पुढच्या खोलीत ठेवला आणि शिकत गेली. कुणाच्या मोबाइलमध्ये लग्नाच्या पंगतीतला फोटो असे. वडील जेवताना, तोंडात घास. ती तेवढंच डोकं कापून, मागची पंगत पुसून, चेहरा उजळून द्यायची. लोक फोटो हातात घेऊन रडायचे. "अगदी असेच दिसायचे हो." परत गेल्यावर ते नरहरांपेक्षा तिची आठवण जास्त काढत, आणि हे नरहरांना माहीत होतं. पुढच्या यजमानांना मात्र ते अभिमानानं सांगत, "फोटोची सोय घरातच आहे आमच्याकडे." त्यांची माणसं वाढली ती थोडी त्या सोयीवरही वाढली. ती खोली आणि ते मशीन एवढंच या घरात तिचं म्हणून होतं.

साताऱ्याची माणसं चौकातून आलेला फोटो घेऊन घाटावर गेली आणि शरदिनीनं दार लोटून घेतलं.

आधी तिनं नोझल चेक काढला. म्हणजे एक कोरं पान, त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघांच्या जिन्यासारख्या नक्ष्या. कागदावर शाई उडवणाऱ्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात आणि नक्षीतली एकेक रेघ एकेका भोकाची. भोक चोंदलं की तेवढी रेघ गायब. काळ्या रंगात दात पडल्यासारख्या फटी होत्या. निळ्यात बऱ्याच. गुलाबीत रेघांपेक्षा फटीच जास्त. पिवळा त्यातल्या त्यात बरा.

एक क्लीनिंग दिलं. पुन्हा चेक. फटी जवळपास तशाच. आणखी एक दिलं आणि हात आखडता घेतला. केयूरनं काय केलं असेल ते तिला दिसत होतं. क्लीनिंग म्हणजे काही जादू नसते. मशीन खालून पंपानं शाई ओढतं, भोकं मोकळी करायला बघतं, आणि ती सगळी शाई मशीनच्या पोटातल्या पॅडमध्ये वाया जाते. मोकळी व्हायची असतात ती भोकं दोन-तीन वेळात होतात. न झाली तर मशीन तसंच ठेवायचं, वाळलेल्या शाईला भिजायला वेळ द्यायचा, मग दुसऱ्या दिवशी बघायचं. लागोपाठ मारत राहिलं की टाकी रिकामी होते, कधी हवा आत ओढली जाते, पॅड भरत जातो आणि भोकं तशीच.

पण इतकी चोंदली कशी? आठवड्याला एक पान नाही काढलं तरी दोन महिन्यांत एवढं होत नाही. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. झाकलेलं असतं, म्हणून वाळत नाही.

उत्तर दुपारी केयूरकडून मिळालं. तो चहाला बसला होता, आणि चहा घेताना तो कुणाचाही असायचा.

"अगं, मी माझ्या त्या टूरचे पॅम्फ्लेट काढत होतो. वैशाखात. लावून बाहेर गेलो. आईनं बोर्डावरचा खटकाच बंद केला. म्हणे, पंखा नाही, माणूस नाही, बिजली कशाला जळते."

"छापता छापता?"

"हो. मग मी आठ-दहा दिवस सारनाथला दोस्ताकडे, पम्मीकडे. तिकडून लखनऊ. वापस आया तो लाइन्स ही लाइन्स."

शरदिनीनं डोळे मिटले. बनारसचा वैशाख. खिडकीतून लूच्या झळा येत असणार आणि हेड मशीनच्या मध्यावर उघडं पडलेलं, टोपीपासून हातभर लांब. शाईच्या थेंबांची साय झाली असणार, मग पापुद्रा.

तिला रागाआधी हायसं वाटलं. वाळलेलं भिजवता येतं. तिनं मशीन सुरू केलं, हेड हलायला लागल्याबरोबर प्लग ओढला. हे तिनं मुद्दाम केलं, कारण त्याशिवाय हेड हातानं सरकवता येत नाही. जे इंदूनं केलं तेच. फरक इतकाच की शरदिनीनं खाली क्लीनिंगच्या औषधात भिजवलेली कागदाची घडी ठेवली, हेड हळूच त्यावर आणलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी काळा जवळपास पूर्ण उमटला. जिना पायरी न् पायरी मोजून घ्यावा असा. ती खुर्चीत मागे रेलली. मग तिनं रंगांकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे झाली.

निळ्यात आणि गुलाबीत फटी कमी झाल्या होत्या. पण ज्या रेघा आल्या होत्या त्या फिक्या होत्या. पिवळा तर कागदावर आहे की नाही असा. काळा शाळेतल्या फळ्यासारखा आणि हे तिन्ही धुतलेल्या साडीसारखे.

भोक चोंदलं तर रेघ येत नाही. आली तर पुरी येते. चोंदल्यानं रेघ फिकी होत नाही.

तिनं मशीनच्या बाजूच्या टाक्यांकडे पाहिलं. तिन्ही रंग खुणेपर्यंत भरलेले. आल्या दिवशी तिला बरं वाटलं होतं, निदान शाई तरी आहे म्हणून. इतकी क्लीनिंगं मारून शाई खुणेपर्यंत कशी? काळ्याची टाकी मोठी. ती मात्र उतरलेली होती, जशी उतरायला हवी.

तिनं मोबाइलचा उजेड टाकीच्या मागे धरला. गुलाबी टाकी सरबतासारखी आरपार दिसली. आणि तळाशी, कोपऱ्यात, बारीक काहीतरी चमकत होतं. तिनं सुईशिवायची सिरिंज घातली, तळातलं थोडं ओढलं, पांढऱ्या कापसावर सोडलं. कापूस गुलाबीसर झाला. मधोमध चिमूटभर वाळू. बारीक, चकचकीत, अभ्रकाची.

ही वाळू ती ओळखत होती. या घरातल्या प्रत्येक तांब्याच्या तळाला ती असायची. देवघरात इंदूनं भरून ठेवलेल्या कलशाच्या तळाला तर ती बोटभर असायची. अहिल्याबाई घाटावरून इंदू रोज पहाटे स्वतः पाणी आणायची.

शरदिनी बराच वेळ तो कापूस हातात घेऊन बसली. स्वयंपाकघरातून इंदूचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, पलंगावर गादी कशी घ्यावी याबद्दल.

केयूरला तिनं त्या दिवशी चहाबरोबर कचौरी दिली.

"टाक्या कुणी भरल्या रे?"

त्याची कचौरी हातातच राहिली. "कौनसी?"

"केयूर, मी आरडाओरडा करत नाहीये."

"काकू, मैंने नहीं. शाई संपत आली होती. मी आईला म्हटलं, काकू आल्यावर बोलेल. नवी बाटली आणू का? ती म्हणाली, कशाला, पाणीच तर आहे रंगाचं, वर थोडं पाणी घालू." तो कसनुसा हसला. "नळाचं घालत होती, मग म्हणाली, नळाचं खारं असतं, मशीन खराब होईल. गंगाजल कभी खराब नहीं होता. देवघरातलं आणलं. मीच झाकणं उघडून दिली. बोली, काकू को मत बताना."

शरदिनीला हसू आलं, आणि ते हसू तिलाच आवडलं नाही. नळाचं पाणी नको, मशीन खराब होईल. एवढी काळजी घेतली होती बाईनं.

"आईला सांगू नकोस मी विचारलं ते," ती म्हणाली.

तिनं तिन्ही टाक्या सिरिंजनं रिकाम्या केल्या, औषधानं धुतल्या, नव्या बाटल्या ओतल्या. नळ्यांतलं पाणी निघून जाईपर्यंत पानं काढली, मध्ये मध्ये मशीन थांबवून ठेवलं. रंग परत आले. निळा निळा झाला, पिवळा पिवळा. पण फटी हलेनात. ती रोज एक चेक काढायची आणि कालच्या पानावर आजचं पान ठेवून खिडकीशी धरायची. फटी जागा बदलत असत्या तर हवा असती. हवा निघून जाते. या फटी तिथेच होत्या. त्याच पायऱ्या, रोज त्याच. गुलाबीत तर आता जवळपास सगळ्याच.

शेवटी ती मशीन रिक्षात घालून लहुराबीरला घेऊन गेली. तिथला मिस्त्री तिच्या ओळखीचा होता. त्यानं हेड काढलं, तिच्यासमोर गुलाबीच्या तोंडाला नळी लावली आणि सिरिंजनं औषध हलकेच दाबलं. दांडा जागचा हलेना. त्यानं जोर लावला नाही. निळ्याला लावली तर औषध आत गेलं, खालून ओघळलं.

"निळा तर मोकळा आहे," शरदिनी म्हणाली. "मग त्याच्या रेघा का येत नाहीत?"

"खुला है, पर मर गया है, भाभीजी. रास्ता खुला है, मारनेवाला नहीं रहा. बिजलीवाला काम गया उसका. और गुलाबी में तो मिट्टी बैठी है." त्यानं हेड कागदावर ठेवलं. "ये खतम. अब जितना धोओगी, उतना दवा का नुकसान. नया हेड लगभग नई मशीन के भाव पड़ेगा. क्या डाला था इसमें?"

"गंगाजल."

मिस्त्री हसला नाही. त्यानं कानाला हात लावला आणि हेड परत बसवून दिलं.

रिक्षात मशीन मांडीवर धरून ती परत आली. वाटेत मैदागिनला गाड्या अडकल्या होत्या. एरवी तिला हॉर्न सहन होत नसत. त्या दिवशी ते कानावरही आले नाहीत. मशीन मेलं, खोली गेली. दादांनी अट घातली होती आणि दादांच्या अटी यजमानांसमोर मोडत नाहीत, घरातल्यांसमोर तर नाहीतच. आता जाऊन सांगितलं की वहिनींनी पाणी घातलं, तर वहिनी म्हणणार, मी? शुद्ध पाणी होतं, भल्यासाठीच घातलं. दादा म्हणणार, अज्ञानानं झालं, सोड. केयूर आईसमोर माना डोलावणार. आणि आठवड्याभरात पलंग.

गाडी पुढे सरकली तेव्हा तिचं ठरलं होतं. घरात सांगायचं नाही. घरात सांगितलेलं घरातच जिरतं.

घरी आल्यावर इंदूनं विचारलं, "झालं का दुरुस्त?"

"मिस्त्रीनं उघडून बघितलं. परत बसवून दिलंय."

हे खरं होतं. इंदूनं त्याचा हवा तो अर्थ घेतला आणि तिचा चेहरा जरा पडला. पण दुसऱ्याच दिवशी ती मोबाइल घेऊन पुढच्या खोलीत आली.

"शरदिनी, अप्पांचा मोठा फोटो हवा श्राद्धाला. माझे दादा-वहिनी, धाकटा, सगळे येतायत. नीट काढ हं. साताऱ्यावाल्यांसारखा नको."

"पागोटं घातलेला हा?"

"हाच. त्यांचा आवडता."

अप्पा म्हणजे इंदूचे वडील. ग्वाल्हेरहून येताना ते शरदिनीसाठी वेगळा पुडा आणायचे, तिळाच्या गजकचा. विष्णू गेला तेव्हा घरात सगळे तिच्याभोवती उभे होते, आणि अप्पा एकटेच तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. फोटो पडद्यावर मोठा करताना तिला हे आठवलं. तिनं त्यांचं पागोटं नीट उजळलं, कानाजवळची सावली काढली, नेहमी करायची तेवढं सगळं केलं. कुठेही हयगय केली नाही. चांगल्यात चांगला चकचकीत कागद घातला. मग तिनं बटणावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. अप्पांचा यात काही दोष नव्हता.

विष्णूचाही नव्हता, आणि खोली त्याचीच जात होती.

तिनं बटण दाबलं.

श्राद्धाच्या दिवशी माजघर धुऊन घेतलं होतं. पाटाजवळ चौरंग, त्यावर पांढरं वस्त्र. ग्वाल्हेरचे दोघे भाऊ, थोरल्याची बायको, बोलावलेले दोन भटजी, नरहर सोवळ्यात. शेजारचीही दोन-तीन माणसं होती. शरदिनी चौकट घेऊन आली. वर रुमाल झाकलेला होता. तिनं ती चौरंगावर भिंतीला टेकवून ठेवली आणि हार इंदूच्या हातात दिला.

"घाला वहिनी."

इंदूनं रुमाल काढला.

अप्पांचा चेहरा हिरवट पिवळा पडला होता, पाण्यात फुगलेल्यासारखा. लाल रंग कुठेच नव्हता. लाल पागोटं शेवाळ्याचं झालं होतं. आणि वरपासून खालपर्यंत पांढऱ्या आडव्या रेघा, ओळीनं. एक नेमकी दोन्ही डोळ्यांतून.

"हे काय आहे?" थोरला भाऊ म्हणाला.

"अगं बाई," त्याची बायको म्हणाली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

इंदूच्या हातातला हार लोंबत राहिला. "शरदिनी! लाज नाही वाटली? माझ्या बापाचा... म्हणालीस ना दुरुस्त झालं?"

"दुरुस्त झालं असं मी म्हणाले नाही. उघडून बघितलं म्हणाले."

"मग चौकातून आणायचा! मुद्दाम केलंस. आजच्या दिवशी!"

"हो. आजच्याच दिवशी."

"शरदिनी!" नरहरांचा आवाज चढला. "उचल ते."

"उचलते, दादा. आधी यांना सांगते कसं झालं. पाहुणे विचारतायत." ती थोरल्या भावाकडे वळली. आवाज तिचा रोजचाच होता, यजमानांना चौकटीचे प्रकार सांगायची तेव्हाचा. "मशीन छापत असताना वहिनींनी खटका बंद केला. हेड उघडं राहिलं, उन्हाळ्यात वाळलं. ते मी भिजवून सोडवलं असतं. काळा सोडवलाही. पण केयूरनं क्लीनिंग मारून मारून शाई संपवली, आणि ती संपलेली दिसू नये म्हणून वहिनींनी टाक्यांत देवघरातलं गंगाजल भरलं. गाळासकट. गुलाबीत माती बसलीय, म्हणून अप्पांच्या तोंडावर रक्त नाही. बाकी रेघा आहेत त्या मेलेल्या भोकांच्या."

"खोटं!" इंदू म्हणाली. "खोटं बोलतेय. केयूर, सांग."

केयूर खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आईकडे पाहिलं, मग फोटोकडे. आजोबांचा लाडका होता तो.

"आई, तूच म्हणालीस ना, गंगाजल कधी खराब होत नाही," तो म्हणाला.

"शुद्ध पाणी म्हणून घातलं मी!" इंदूचा आवाज फाटला. "वाईट व्हावं म्हणून नाही घातलं. कोणती बाई गंगाजल वाईटासाठी घालेल?"

"मग मला सांगू नको असं का सांगितलंत त्याला?" शरदिनीनं विचारलं.

थोरल्या भटजींनी घसा साफ केला. शेजारच्या बाई उठू का बसू अशा अर्धवट झाल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत गल्लीत हे सगळीकडे पसरलेलं असणार, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं, इंदूला सगळ्यात जास्त. ती खाली बसली. रडली नाही. हाराच्या फुलांची एकेक पाकळी तिच्या मांडीवर पडत होती आणि ती त्या झटकून टाकत होती.

शरदिनीला वाटलं होतं, हे बघताना आपल्याला कसंसं होईल. तसं काही झालं नाही. बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

धाकट्या भावानं चौकट उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. स्वतःच्या मोबाइलवर अप्पांचा फोटो उघडला आणि तो मोबाइल चौरंगावर, तांब्याला टेकवून उभा केला. तिथून पुढे श्राद्ध त्या मोबाइलसमोर झालं. स्क्रीन सारखी काळी पडायची, आणि दर वेळी तो पुढे वाकून बोट लावायचा. नरहर मंत्र म्हणता म्हणता थांबायचे, अप्पा परत दिसले की पुढे म्हणायचे. पिंडांना हात लावायची वेळ आली तेव्हा त्याच मोबाइलवर मध्येच कुणाचा तरी फोन आला.

पंगत उठली, भटजी दक्षिणा घेऊन गेले, ग्वाल्हेरची माणसं वरच्या खोलीत आडवी झाली. नरहर सोवळं सोडून माजघरात आले. इंदू तिथेच होती, केयूरही. शरदिनी खरकटं काढत होती.

"तू आज या घराची अब्रू घालवलीस," नरहर म्हणाले.

"हो."

"इंदूनं चूक केली. मान्य. पण गेलेल्या माणसाचं तोंड..."

"गेलेल्या माणसांची तोंडं मी इतकी वर्षं सांभाळली, दादा. तुमच्या सगळ्या यजमानांची. तुम्ही माझी खोली एका मशीनवर लावलीत. ते मशीन तुमच्याच घरानं मारलं. आता अट राहिली नाही."

"म्हणजे?"

शरदिनीनं हातातली ताटं एकावर एक ठेवली आणि पदराला हात पुसले.

"खोली माझी आहे, माझ्याकडेच राहील. त्यात नवं मशीन येईल आणि दाराला कुलूप असेल. गल्लीतल्यांचं काम मी करीन, घाटावरच्या दुसऱ्या उपाध्यांचं करीन. तुमच्या यजमानांचा एकही फोटो यापुढे मी छापणार नाही. या घरातल्या कुणाचाही छापणार नाही, तो हयात असो की गेलेला असो."